१०,००० रुपयांची आरडी, पाच वर्षं, ६.७ टक्के : मग उत्तरं तीन का येतात?

पोस्टाच्या आरडीत दर महिन्याला १०,००० रुपये टाकले, तर पाच वर्षांनी किती मिळतील? प्रश्न सरळ आहे. पण ऑनलाइन कॅल्क्युलेटर, एक्सेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला तक्ता शेजारी ठेवून पाहा. एकीकडे ७,०९,७१८ रुपये येतात, दुसरीकडे ७,१३,६५८, आणि कधी कधी चक्क १०,२०,४५४. रक्कम, मुदत आणि व्याजदर तिन्हीकडे सारखेच भरलेले असतात.

यातलं एकच उत्तर बरोबर आहे. ते कोणतं, हे ओळखायला फायनान्सची पदवी लागत नाही. दोन गोष्टी तपासाव्या लागतात : पैसे महिन्याच्या सुरुवातीला जातात की शेवटी, आणि व्याजदर ज्या कालावधीचा आहे त्याच कालावधीत हप्ते मोजले आहेत का.

आधी योजना नीट वाचू

पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, म्हणजे ६० हप्ते. १ ऑक्टोबर २०२३ पासून तिला वार्षिक ६.७ टक्के दर लागू झाला. तोच दर आपण इथे धरू. व्याजाची चक्रवाढ दर तिमाहीला होते. हप्ता मात्र दर महिन्याला भरायचा असतो. हप्ता महिन्याचा आणि चक्रवाढ तिमाहीची, ही जोडी लक्षात ठेवा. पुढचा निम्मा घोळ तिच्यातूनच होतो.

आणखी एक गोष्ट. खातं उघडतानाच पहिला हप्ता भरावा लागतो आणि मुदत त्याच दिवसापासून मोजली जाते. म्हणजे पहिले १०,००० रुपये पूर्ण ६० महिने पोस्टात राहतात, दुसरे ५९ महिने, आणि शेवटचा हप्तासुद्धा एक महिना राहतो. हप्ता प्रत्येक कालावधीच्या सुरुवातीला जात असेल, तर त्याला ‘अ‍ॅन्युइटी ड्यू’ म्हणतात. तोच हप्ता कालावधीच्या शेवटी गेला, तर ती साधी अ‍ॅन्युइटी.

७,०९,७१८ कुठून आले?

पाठ्यपुस्तकातलं नेहमीचं सूत्र साध्या अ‍ॅन्युइटीचं असतं. एक्सेलमधलं `FV` हे फंक्शनही, तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही, तर हप्ता महिन्याच्या शेवटी गेला असंच धरतं. त्या हिशेबात पहिला हप्ता ५९ महिनेच राहतो आणि शेवटचा हप्ता ज्या दिवशी भरला त्याच दिवशी परत मिळतो. पोस्टात असं होत नाही.

बरोबर उत्तर आणि हे उत्तर यांत ३,९४१ रुपयांचा फरक आहे. हा आकडा कशाचा, ते पाहण्यासारखं आहे. दोन्ही यादीतले हप्ते शेजारी मांडा. ५९ महिने राहिलेला हप्ता दोन्हीकडे आहे, ५८ वाला आहे, अगदी १ महिना राहिलेलाही आहे. फरक फक्त एकाच हप्त्याचा उरतो. पोस्टाच्या यादीत एक हप्ता पूर्ण ६० महिने राहिलेला आहे, दुसऱ्या यादीत त्याच्या जागी शून्य महिने राहिलेला हप्ता आहे. १०,००० रुपये या दराने पाच वर्षं ठेवले की त्यांचे १३,९४१ होतात. म्हणून फरक ३,९४१.

यातून एक हुकमी तपासणी मिळते. तुमच्याकडे दोन उत्तरं असतील, तर मोठ्याला लहानाने भागा. ७,१३,६५८ भागिले ७,०९,७१८ केलं की १.००५५५ येतं. एक अधिक महिन्याचा व्याजदर, इतकाच हा आकडा आहे. भागाकार असा आला, तर दोन्ही कॅल्क्युलेटरचा व्याजाचा हिशेब सारखाच आहे, फक्त हप्त्याची वेळ वेगळी धरली आहे. भागाकार दुसराच काही आला, तर गडबड व्याजदरात किंवा हप्त्यांच्या संख्येत शोधायची.

१०,२०,४५४ : खरी चूक इथे आहे

सहा लाख भरले आणि दहा लाख वीस हजार मिळाले, हे ऐकायला बरं वाटतं. आकडा अगदीच अशक्य वाटत नाही, म्हणून तो पुढे पाठवलाही जातो. तो तयार कसा होतो? चक्रवाढ तिमाही आहे म्हणून कोणी ६.७ ला ४ ने भागतं आणि १.६७५ टक्के काढतं. इथपर्यंत ठीक. मग हप्त्यांच्या रकान्यात ६० लिहिलं जातं. आता कॅल्क्युलेटरला वाटतं की ६० तिमाह्या आहेत, म्हणजे पंधरा वर्षं! दर तिमाहीचा, मोजणी महिन्यांची. कॅल्क्युलेटर कुठेही एरर दाखवत नाही, कारण त्याला फक्त दोन आकडे दिसतात. त्यांची एककं त्याला कळत नाहीत.

६.७ टक्के तसाच ठेवून ६० टाकले, तर उत्तर ७१ लाखांच्या पुढे जातं. ती चूक निदान लगेच दिसते. १०.२० लाखांची चूक जास्त धोकादायक आहे, कारण ती खपून जाते. समजा एखाद्याने मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी दहा लाख लागतील म्हणून या आकड्यावर विसंबून आरडी सुरू केली, तर पाच वर्षांनी हातात येणारी रक्कम या आकड्यापेक्षा तीन लाखांहून जास्त कमी असेल.

कागदावर एका मिनिटात तपासा

पहिला हप्ता ६० महिने राहतो, शेवटचा १ महिना. सरासरी काढली तर साडेतीस महिने. म्हणजे ढोबळमानाने सहा लाख रुपये साडेतीस महिने पोस्टात राहिले असं समजायचं. त्यावर ६.७ टक्क्यांनी सरळव्याज काढलं की १,०२,१७५ रुपये येतात.

खरं व्याज याहून थोडं जास्त असणार, कारण व्याजावरही व्याज मिळतं. बरोबर उत्तरात ते १,१३,६५८ आहे, म्हणजे अंदाजाच्या जवळपास. १०.२० लाखांच्या उत्तरात व्याज सव्वाचार लाखांच्या आसपास जातं, म्हणजे अंदाजाच्या चौपट. पाच वर्षांत आणि ६.७ टक्क्यांत नुसत्या चक्रवाढीने एवढी उडी शक्य नाही. इतका फरक दिसला की दर आणि कालावधी जुळत नाहीत, असं बेलाशक समजावं.

याहून बारीक तपासणी हवी असेल, तर उत्तराला दोन बाजूंनी कुंपण घाला. तीन महिन्यांचे हप्ते एकत्र करून तिमाहीला ३०,००० रुपये धरा, २० तिमाह्या, दर १.६७५ टक्के. आता दर आणि मोजणी दोन्ही तिमाहीचे आहेत. सगळे ३०,००० तिमाहीच्या शेवटी भरले असं मानलं तर ७,०५,७९१ रुपये मिळतात. सगळे सुरुवातीलाच भरले असं मानलं तर ७,१७,६१४. तुम्ही प्रत्यक्षात काही पैसे सुरुवातीला, काही मधे भरता. म्हणून खरं उत्तर या दोन आकड्यांच्या मधेच असायला हवं. ७,१३,६५८ तिथे बसतं. गंमत म्हणजे ७,०९,७१८ सुद्धा बसतं. म्हणजे हे कुंपण कालावधीची मोठी चूक पकडतं, पण हप्ता सुरुवातीला की शेवटी हे सांगत नाही. त्यासाठी वर सांगितलेला भागाकारच करावा लागतो.

एक्सेलमध्ये बरोबर मांडणी

हप्ता महिन्याचा आहे, तेव्हा दरही महिन्याचा हवा. तिमाहीला १.६७५ टक्के मिळण्यासाठी दर महिन्याला किती मिळायला हवेत? १.०१६७५ चं घनमूळ काढायचं, त्यातून एक वजा करायचा. उत्तर सुमारे ०.५५५ टक्के. एक्सेल किंवा गुगल शीट्समध्ये ते असं लिहितात :

```
=FV((1+6.7%/4)^(1/3)-1, 60, -10000, 0, 1)
```

शेवटचा `1` म्हणजे हप्ता सुरुवातीला. तो लिहायचा राहिला किंवा `0` लिहिला की ७,०९,७१८ येणार. १०,००० च्या आधीचं वजा चिन्ह पैसे तुमच्या खिशातून जात असल्याचं सांगतं. ते विसरलात तर उत्तर उणे येईल, रक्कम तीच राहील. उत्तर ७,१३,६५८ रुपये आणि वर काही पैसे असं येतं. अनेक तक्त्यांत दिसणारा ७,१३,६५९ हा आकडा वरच्या रुपयाला पूर्ण करून लिहिलेला आहे.

६.७ ला थेट १२ ने भागलं तर?

बरेच जण हेच करतात. त्यात चक्रवाढ दर महिन्याला होते असं आपोआप गृहीत धरलं जातं आणि उत्तर ७,१४,३६४ येतं, म्हणजे साधारण ७०० रुपये जास्त. चूक छोटी आहे, पण आहे. दुसरीकडे, तिमाहीच्या आत सरळव्याज आणि तिमाहीच्या शेवटी चक्रवाढ असा हिशेब केला, तर ७,१३,६७३ येतात. आपल्या उत्तरापेक्षा १५ रुपये जास्त. याला मी चूक म्हणणार नाही, ती मोजण्याची दुसरी मान्य रीत आहे.

मात्र १२ ने भागणं सगळीकडेच चूक नसतं. गृहकर्जाच्या ईएमआयचा हिशेब साधारणपणे दरमहाच होतो, तिथे १२ ने भागणंच योग्य. आणि कर्ज मिळाल्यावर पहिला हप्ता महिन्याने जातो, म्हणून तिथे साधी अ‍ॅन्युइटी लागते. १० लाखांचं कर्ज, ९ टक्के, २० वर्षं : ईएमआय ८,९९७ रुपये. चुकून ‘सुरुवातीला’ हा पर्याय निवडला गेला तर ८,९३० दिसतो. ६७ रुपयांचाच फरक वाटतो, पण २४० हप्त्यांत तो सोळा हजारांवर जातो. ८,९९७ भागिले ८,९३० करून पाहा. १.००७५ येतं, आणि महिन्याचा दर ०.७५ टक्केच आहे.

आरडीचा वरचा सगळा हिशेब साठही हप्ते वेळेवर भरले तरच लागू पडतो. खातं महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडलं असेल तर पुढचे हप्ते दर महिन्याच्या १५ पर्यंत भरावे लागतात. त्यानंतर उघडलं असेल तर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत. चुकलेल्या हप्त्याला दर शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड आहे, म्हणजे १०,००० च्या हप्त्याला १०० रुपये, आणि हा दंड कोणत्याही कॅल्क्युलेटरच्या रकान्यात नसतो.