एका पंचाने उलटलेली हजेरी

कारखान्याच्या गेटवरच्या यंत्रावर बोट टेकवलं, की मुख्यतः तीनच गोष्टी नोंदल्या जातात: कर्मचाऱ्याचा क्रमांक, तारीख आणि वेळ. माणूस आत आला की बाहेर गेला, हे पुष्कळ ठिकाणी नोंदलंच जात नाही. ‘इन’ आणि ‘आउट’ची बटणं असली, तरी शिफ्ट सुटताना ती कोण दाबत बसतो? मग हजेरीचं सॉफ्टवेअर नुसता क्रम धरतं. पहिला पंच आत, दुसरा बाहेर, तिसरा पुन्हा आत. दोन-दोनची जोडी लावायची आणि मधला वेळ काम म्हणून मोजायचा.

समजा, सोमवारी एक कामगार 9.02 ला आला, 1.00 ला जेवायला गेला, 1.32 ला परतला आणि 5.35 ला सुटला. काम झालं 8 तास 1 मिनिट. पण जेवायला जाताना बोटाला ग्रीस होतं आणि यंत्राने ठसा घेतलाच नाही. आता 9.02 आणि 1.32 ची जोडी लागते. 5.35 चा पंच ‘आत’ ठरतो आणि त्याचा जोडीदार सापडतो मंगळवारी सकाळी 8.58 ला. म्हणजे हा गडी 15 तास 23 मिनिटं, रात्रभर, कारखान्यातच! मंगळवारी त्याने चारही पंच नीट केले, तरी जेवणाची सुट्टी काम ठरते आणि खरं काम सुट्टीत जातं. पुढचा पंच चुकेपर्यंत किंवा कुणी दोनदा बोट लावेपर्यंत हे असंच चालतं. गंमत म्हणजे ती दुसरी चूक गाडी पुन्हा रुळावर आणते, आणि मूळ घोटाळा कुठे झाला ते शोधणं अवघड होतं.

मध्यरात्री दिवस तोडला, तर नुकसान त्या दिवसापुरतं राहतं. सोमवारचे साडेचार तास भरून हाफ डे लागतो, एवढंच. पण रात्री 10 ते सकाळी 6 ची पाळी मध्यरात्रीच दुभंगते. तिच्यासाठी दिवस दुपारी 12 ला तोडावा, कारण तेव्हा त्या पाळीचं कुणी आत नसतं. शिवाय पाळीच्या लांबीपेक्षा फार मोठी जोडी सॉफ्टवेअरने नाकारावी, आणि पंच विषम संख्येत असतील तर अंदाज न बांधता तो दिवस तपासणीसाठी बाजूला काढावा.

ही तपासणीही पुरती नाही. जेवणाचे दोन्ही पंच राहिले, तर संख्या सम येते आणि जेवणाची वेळ गुपचूप कामात धरली जाते. आत आणि बाहेर जायला वेगवेगळी यंत्रं असतील, तर मात्र प्रत्येक पंचाची दिशा कळते. माझ्या मते खरा इलाज तोच.

पगारात तास चुकले, तर एचआरकडे एकूण तासांवरून वाद घालू नका. पंचांची मूळ यादी मागा, पहिली अशक्य जोडी शोधा, राहिलेला पंच भरून घ्या आणि त्या दिवसापासून पुढचा सगळा हिशेब पुन्हा करायला लावा.