क्रियापद कुठे गळतं

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या पुरावर कुणी सरळ वाक्य लिहिलं, तर ते असं होईल: पाणी दारात आल्यावर आईने पोती माळ्यावर चढवली, म्हशीचं दावं सोडलं आणि आम्हाला घेऊन ती गच्चीवर गेली. माहिती पुरी आहे, भीती मात्र कुठेच नाही. ‘आल्यावर’, ‘आणि’, ‘घेऊन’ हे शब्द घटनांना रांगेत उभं करतात, आणि घाबरलेल्या माणसाला रांग दिसत नसते. म्हणून आधी ते काढू.

पाणी. दारात पाणी.
सोड, सोड म्हैस, दावं काप,
पोती राहू दे. पोरं?
पोरं कुठायत?

मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं. ‘म्हैस सोड’ ही नेहमीची आज्ञा झाली. ‘सोड, सोड म्हैस’ म्हणताना काय सोडायचं ते सुचण्याआधीच तोंडातून शब्द निघालेला असतो. धांदलीत क्रियापदं टिकतात, पुढे धावतात. जोडणारे शब्द मात्र गळतात.

थकव्यात नेमकं उलटं होतं. सातारा-सांगलीच्या उसाच्या फडात दिवस काढलेल्या बाईच्या तोंडी हे घालून पाहा:

कोयता. मग मोळी. मग गाडी.
पहाटे परत
कोयता. मग मोळी. मग

इथे ‘मग’ राहिला आणि क्रियापद गेलं. ‘उचलली’, ‘उचलते’, ‘उचलेन’ या रूपांतूनच मराठीत काळ कळतो, बऱ्याचदा कर्ताही. ते गेल्यावर काल, आज, उद्या सारखेच होतात आणि बाईही वाक्यातून नाहीशी होते. उरतात फक्त वस्तू. प्रश्नचिन्ह नाही, आज्ञा नाही. त्यालाही दम लागतो.

तुकडा मात्र कशावर तरी आपटून मोडलेला ऐकू यायला हवा. १९४७ च्या ‘काही कविता’मध्ये बा. सी. मर्ढेकरांनी वाक्यं मोडली, पण ओवी-अभंगाची चाल हाताशी ठेवली. ठेका चालू राहतो, वाक्य अडखळतं, म्हणून मोड कानाला कळते. मुक्तछंदात हा आधार नसतो. तिथे तुकड्यांच्या आधी एखादं लांब, धड वाक्य असावं लागतं. वरच्या पुराच्या ओळींना ते नाही, म्हणून त्या एकट्या थोड्या लंगड्याच आहेत.

तुकड्यांतला बिघाड ओळखायला सोपा आहे. तुकड्यांची अदलाबदल करून वाचा. काहीच फरक पडला नाही, तर ती घबराट नव्हे, किराण्याची यादी. वरच्या ओळींत ‘पोरं?’ पहिल्या ओळीत नेऊन बघा: पोती आणि म्हैस आधी सुचली, पोरं नंतर, हा सगळा हादराच निघून जातो.