औषधभांडारातील तूट, नासाडी आणि मोजणीतील फरक : हिशेबात कोठे दिसतात?

आमच्या देणगीदारांना, विश्वस्तांना व रुग्णांच्या नातेवाइकांना उत्पन्न-खर्चाच्या पत्रकात ‘औषधे व शल्यसाहित्य’ ही ओळ दरवर्षी दिसते. ही रक्कम रुग्णांच्या उपचारावरच खर्च झाली, असे वाचणारा सहज गृहीत धरतो. प्रत्यक्षात फुटलेल्या बाटल्या, मुदतबाह्य गोळ्या आणि कोठे गेला ते न कळलेला माल हेही त्याच ओळीत मिसळलेले असू शकतात. ते मिसळलेले राहतात की वेगळे दिसतात, हे भांडाराचा हिशेब ठेवण्याच्या पद्धतीवर ठरते. म्हणून त्या पद्धतींविषयी हे टिपण सादर करीत आहोत.

पहिली पद्धत नियतकालिक साठागणनेची. हिच्यात वर्षभर केवळ खरेदीची नोंद होते आणि ३१ मार्च रोजी शिल्लक माल मोजला जातो. आरंभीच्या शिलकीत खरेदी मिळवून अखेरची शिल्लक वजा केली की जे उरते, त्यास ‘वापर’ म्हणतात. दुसरी पद्धत निरंतर साठागणनेची. तीत प्रत्येक आवक आणि मागणीपत्रावर कक्षाला दिलेला प्रत्येक नग त्याच वेळी नोंदवला जातो. त्यामुळे कोणत्याही दिवशी पुस्तकी शिल्लक किती असावयास हवी, हे सांगता येते.

दोहोंतील भेद एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करतो. समजा, सलाइनच्या ५०० मि.लि. बाटल्यांची आरंभीची शिल्लक ४०० होती, वर्षात ३,६०० बाटल्यांची देयके नोंदवली गेली आणि वर्षअखेरच्या मोजणीत वापरण्यायोग्य अशा ३०० बाटल्या भरल्या. प्रत्येक बाटली २० रुपयांची आहे. नियतकालिक पद्धतीने वापर ३,७०० बाटल्यांचा, म्हणजे ७४,००० रुपयांचा ठरतो. हिशेब जुळतो आणि कोणताही प्रश्न उद्भवत नाही. परंतु हा आकडा मोजलेला नसून वजाबाकीतून आलेला आहे. जी बाटली भांडारात नाही ती रुग्णाला लागली, असे तो न विचारता मानून मोकळा होतो.

आता त्याच भांडारात निरंतर नोंदी होत्या असे धरू. मागणीपत्रांनुसार कक्षांना ३,५८० बाटल्या दिल्या गेल्या. म्हणजे पुस्तकी शिल्लक ४२० असावयास हवी; मोजणीत मात्र ३०० आहेत. फरक १२० बाटल्यांचा, म्हणजे २,४०० रुपयांचा. येथे दोन्ही पद्धतींत मोजणी झालीच आहे. मात्र पहिलीत मोजणी केवळ शिल्लक सांगते, तर दुसरीत ती पुस्तकाची परीक्षा घेते.

हा फरक लगेच ‘तूट’ म्हणून लिहून टाकणे योग्य नव्हे. आधी कागद पाहावेत. शोधाअंती असे आढळले असे समजा : ४८ बाटल्या रात्रपाळीत तातडीने अपघात विभागाला दिल्या गेल्या, पण त्यांचे मागणीपत्र भांडारात नोंदवायचे राहिले. २४ बाटल्यांचे देयक आले, माल मात्र कमी उतरला. ३० बाटल्या फुटल्या अथवा मुदतबाह्य झाल्या. त्यांची नोंद विल्हेवाटीच्या वहीत आहे. उरलेल्या १८ बाटल्यांचा मात्र कोणताही माग लागला नाही.

चारही गटांची जागा निराळी आहे. पहिल्या ४८ बाटल्या खऱ्या वापराच्या असल्याने ९६० रुपये औषधवापर खात्यात जातात. २४ बाटल्यांचे ४८० रुपये पुरवठादाराच्या नावे टाकून त्याच्याकडून वसूल करावयाचे असतात. तो रुग्णालयाचा खर्चच नव्हे. ३० बाटल्यांचे ६०० रुपये नासाडी खात्यात आणि १८ बाटल्यांचे ३६० रुपये साठातूट खात्यात नावे पडतात. समोर साठा खाते २,४०० रुपयांनी जमा होऊन ३०० बाटल्यांवर येते. आता खरा वापर ३,६२८ बाटल्यांचा, म्हणजे ७२,५६० रुपयांचा ठरला. पहिल्या पद्धतीतील ७४,००० रुपयांत १,४४० रुपये असे होते की जे कोणाही रुग्णाच्या उपचारास लागले नव्हते.

नासाडीतही दोन प्रकार करावे लागतात. थोडीफार फूट आणि काही औषधांची मुदत संपणे हे कोणत्याही भांडारात अटळ असते. ते नित्याच्या खर्चाचा भाग मानता येते. शीतकपाट बंद पडून इन्सुलिनचा संपूर्ण साठा निकामी होणे हे मात्र असाधारण नुकसान होय. इन्सुलिनचा साठा २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावा लागतो, तर अनेक गोळ्या व द्रवौषधांच्या वेष्टनांवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना असते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा भांडारातील तापमानाची वही हीसुद्धा हिशेबाचाच कागद ठरते. असाधारण नुकसान ज्या वर्षी झाले त्याच वर्षी स्वतंत्रपणे दाखवावे. शिल्लक मालाच्या किमतीत ते मिसळू नये. लेखामानक २ चा आशयही हाच आहे. निकामी औषधे मोजणीपूर्वीच वेगळी काढून, किमतीविना, पण नगसंख्येसह नोंदवावीत.

निरंतर पद्धतीलाही मर्यादा आहेत. पुस्तक स्वतः चुकले, तर नसलेला फरक दिसू लागतो. आवक खोक्यांत आणि जावक पट्ट्यांत नोंदवली गेली, दहा नगांवर मिळालेला एक मोफत नग लिहिला गेला नाही, किंवा ३१ मार्चच्या सायंकाळी आलेला माल मोजला गेला पण त्याचे देयक एप्रिलमध्ये चढले, अशी ही कारणे असतात. शेवटच्या दोन्ही प्रसंगी माल पुस्तकापेक्षा अधिक भरतो. एका औषधाचे आधिक्य दुसऱ्याच्या तुटीत वळते करण्याचा मोह येथे टाळावा. एकाच औषधाच्या दोन मात्रांची अदलाबदल झाल्याचे कागदावर सिद्ध होत असेल, तरच तसे करावे. त्यातही १८ नगांची तूट आणि १८ नगांचे आधिक्य एकत्र येऊन शून्य दिसले, तरी चुकीचे औषध दिले गेले काय, हा प्रश्न उरतोच.

दुसरी मर्यादा कक्षांतील कपाटांची. भांडारातून दिलेला माल पुस्तकात ‘वापरला’ गेलेला असतो; प्रत्यक्षात तो कक्षात पडून असू शकतो आणि तेथेच मुदतबाह्य होऊ शकतो. म्हणून वर्षअखेरीस कक्षांतील साठाही मोजून परत जमा धरावा लागतो. सर्व औषधे दरमहा मोजणे शक्य नसते. महागडी, शीतकपाटातील व नियंत्रित औषधे वारंवार आणि उर्वरित आळीपाळीने मोजावीत. मोजणाऱ्याच्या हाती पुस्तकी आकडा देऊ नये. अन्यथा तोच आकडा कागदावर परत येतो.

देणगीरूपाने आलेल्या औषधांविषयी एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. त्यांची खरेदी किंमत शून्य असल्याने, केवळ रकमेवर चालणाऱ्या नियतकालिक हिशेबात ती हरवली तरी एक रुपयाचाही फरक पडत नाही. त्यांची आवक, जावक आणि शिल्लक नगसंख्येने ठेवली, तरच त्यांची तूट दिसू शकते. यास्तव अहवाल वाचताना औषधखर्चाचा आकडा पाहिल्यावर, त्यालगत नासाडी व तूट यांची वेगळी ओळ आहे काय, हेही वाचकांनी अवश्य पाहावे. ती ओळ नसणे म्हणजे तूट नसणे नव्हे.