नो-कॉस्ट ईएमआयचं पहिलं बिल

गेल्या आठवड्यात जुना फ्रीज एक्स्चेंजमध्ये देताना किंमत कशी कापली जाते ते पाहिलं. या भागात पैसे भरण्याच्या पानावर येऊ. फ्रीजची किंमत ४२ हजार दिसते आणि खाली तीन आमिषं असतात: अमुक बँकेच्या कार्डावर तात्काळ सूट, तमुक कार्डावर पाच टक्के कॅशबॅक आणि सहा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय. बघणाऱ्याला वाटतं तिन्हींची बेरीज होईल. ती क्वचितच होते. पेमेंट एकाच कार्डाने करायचं असतं. कॅशबॅक देणारं कार्ड एका बँकेचं असतं आणि सूट दुसऱ्या बँकेच्या कार्डावर. शिवाय बहुतेक कॅशबॅक कार्डांच्या अटींत ईएमआयवरची खरेदी वगळलेली असते. म्हणून तिन्हींपैकी निवड करावी लागते, आणि ती शेवटी खिशातून किती गेले या एकाच आकड्यावर करावी.

आधी ईएमआय. बिनव्याजी असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच सांगून टाकलं. शून्य टक्क्याच्या नावाखाली व्याज प्रोसेसिंग फीमध्ये लपवण्याला तिने आक्षेप घेतला. वस्तूवर सूट असेल तर ती व्याजदर कमी दाखवून देऊ नये, कर्जाच्या रकमेतून वजा करावी, असंही बजावलं. आजचा नो-कॉस्ट ईएमआय याच वाटेने चालतो. बँक तुमच्याकडून व्याज घेतेच, साधारण वर्षाला १३ ते १६ टक्के. तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी किमतीतून आधीच वजा करते, त्यामुळे हप्त्यांची बेरीज जुळून येते.

आता खुटबावमधल्या एका घराचं उदाहरण घेऊ. घर काल्पनिक आहे, पण असं घर आपल्याकडे गल्लोगल्ली सापडेल. उसाचे पैसे कारखान्याकडून किंवा गुऱ्हाळाकडून एकदम येतात, दुधाचं बिल दर दहा दिवसांनी. घरात क्रेडिट कार्ड नाही, हडपसरला नोकरी करणाऱ्या पुतण्याकडे दोन आहेत. एक 'अ' बँकेचं, ज्यावर सूट आहे. दुसरं पाच टक्के कॅशबॅकचं. 'अ' कार्डावर एकरकमी भरलं तर २,००० रुपये सूट, ईएमआयवर घेतलं तर ३,०००. यात नवल नाही. सेलमध्ये ईएमआयवरच्या सुटीची कमाल मर्यादा बरेचदा जास्त ठेवलेली असते, कारण बँकेला व्याज देणारा ग्राहक हवा असतो.

एकरकमी 'अ' कार्ड: ४० हजार. कॅशबॅक कार्ड: ४२ हजार भरायचे, नंतर २,१०० परत, म्हणजे ३९,९००. ईएमआयचं गणित जरा उकलून बघायला हवं. सूट जाऊन ३९,००० उरले, म्हणजे ६,५०० चे सहा हप्ते. व्याजदर १६ टक्के धरला तर बँकेच्या खात्यात कर्ज पडतं साधारण ३७,२४३ रुपयांचं, आणि सहा महिन्यांचं व्याज होतं १,७५७. हे १,७५७ विक्रेत्याने सोडलेले आहेत, ठीक. पण व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो कुणी सोडत नाही. ते झाले ३१६. शिवाय प्रोसेसिंग फी १९९ धरली तर जीएसटीसह २३५. एकूण गेले ३९,५५१.

म्हणजे या उदाहरणात ईएमआयच सर्वांत स्वस्त पडला, जरी तो 'नो-कॉस्ट' नसला तरी. त्यात साडेपाचशे रुपये खर्च आहेच, फक्त जास्तीच्या सुटीने तो भरून निघाला. ही जास्तीची सूट नसती आणि ईएमआयवरही दोनच हजार मिळाले असते, तर तोच रस्ता एकरकमीपेक्षा साडेपाचशेने महाग पडला असता. त्यामुळे दोन्ही प्रकारांची कमाल सूट वेगवेगळी विचारायची, हा यातला कळीचा प्रश्न. जाहिरातीत ठळक अक्षरात असते ती त्यातली मोठी.

पहिलं बिल आलं की पुतण्याचा फोन येतो: "काका, साडेसहा म्हणाला होतात, हे अडुसष्टशे चोवीस कसे?" बिलात चार ओळी असतात. मुद्दल ६,००३, व्याज ४९७, व्याजावरचा जीएसटी ८९ आणि फी २३५. पुढच्या महिन्यांत फी नसते आणि व्याज घटत जातं, सहाव्या बिलात जीएसटी पंधरा रुपयांवर येतो. फसवणूक झालेली नाही, पण वस्तूच्या पानावर 'सहा हप्ते ६,५००' एवढंच वाचलेल्याला तसं वाटणं साहजिक आहे. 'व्याजावर जीएसटी लागू' ही ओळ ईएमआयच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात असते.

खरी अडचण तारखेची. हप्ता दरमहा ठरल्या दिवशी जातो, उसाचं बिल त्या दिवशी येईल याची हमी नाही. दुधाच्या पैशातून तीन वेळा मिळून सात हजार बाजूला पडत असतील तरच या वाटेला जावं. एक बिल चुकलं तर विलंब शुल्कच बहुतेक बँकांत पाचशे-सातशे रुपये लागतं, म्हणजे 'अ' कार्डावर एकरकमी भरण्यापेक्षा ईएमआयने वाचवलेले साडेचारशे तिथेच गेले. शिवाय थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं आणि कार्डावरच्या नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदतही बंद होते. काकांचा हप्ता चुकला की पुतण्याच्या पेट्रोलवरही व्याज. त्याची जवळपास चाळीस हजारांची मर्यादा अडकलेली असते ती वेगळीच, प्रत्येक हप्त्याबरोबर थोडी थोडी मोकळी होते. पुतण्याला हे आधी सांगायला हवं, नात्यातला व्यवहार म्हणून गृहीत धरू नये.

कॅशबॅकमध्येही दोन जाती आहेत. एक कार्डाच्या बिलात वजा होतो, तो पैसाच. दुसरा त्याच संकेतस्थळाच्या वॉलेटमध्ये येतो, कधी मुदतीसह. घरात तिथून दुसरं काही घ्यायचं नसेल तर त्याची किंमत कागदावरच. बिलात येणाऱ्यालाही महिन्याची कमाल मर्यादा असते. पुतण्याने त्या महिन्यात आधीच बरीच खरेदी केली असेल तर २,१०० पूर्ण मिळतीलच असं नाही.

काही चतुर मंडळी आधी सवलतीत गिफ्ट व्हाउचर घेतात आणि त्याने फ्रीजचे पैसे भरतात. छोट्या वस्तूंना हे ठीक. फ्रीजला मी हा मार्ग सुचवणार नाही. व्हाउचरने भरलेल्या भागावर बँकेची सूट आणि ईएमआय लागत नाही. माल परत केला तर पैसे बहुधा व्हाउचरच्याच शिलकीत येतात. ट्रकमधून आलेल्या फ्रीजला पोचा पडलेला निघाला तर चाळीस हजारांची शिल्लक एका दुकानात अडकून बसेल.

परतीचंच आणखी एक. ईएमआयवरचा माल परत केला आणि पैसे कार्डावर जमा झाले, तरी हप्त्यांचं कर्ज प्रत्येक बँकेत आपोआप बंद होत नाही. बँकेच्या ग्राहक सेवेला फोन करून ते रद्द करून घ्यावं लागतं. नुसतं मुदतीआधी बंद करा म्हटलं तर उरलेल्या मुद्दलावर शुल्क लागू शकतं, म्हणून माल परत केल्याचं स्पष्ट सांगायचं आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. प्रोसेसिंग फी सहसा परत मिळत नाही.

हे सगळं मांडल्यावर केडगाव किंवा यवतच्या दुकानात एक फोन जरूर करावा. तिथेही फायनान्स कंपनीचा नो-कॉस्ट हप्ता असतो आणि त्याचं व्याज दुकानदार किंवा कंपनीच सोसते. म्हणून "हप्ता नको, रोख देतो, काय लावाल?" असं विचारलं की ते सोडलेलं व्याज किमतीतून निघायला जागा असते. दुकानदार ३९,५५१ च्या खाली आला, तर फ्रीज संध्याकाळपर्यंत टेम्पोतून घरी येतो आणि पुतण्याचं कार्ड मोकळं राहतं.