अकरा दिवसांची मुदत

समजा, सोसायटीच्या पार्किंगमधून 3 तारखेच्या रात्री स्कूटर चोरीला गेली. मालक गावी होते. 9 तारखेला परतल्यावर त्यांना ते कळलं. पोलिसांत तक्रार झाली, पण डीव्हीआरचा अ‍ॅडमिन पासवर्ड देखभालीचं कंत्राट घेतलेल्या सीसीटीव्हीवाल्याकडे. तेव्हा सेक्रेटरींनी त्याला लेखी पत्र द्यायचं ते त्याच दिवशी. फोनवर 'बघतो' म्हणणं चालत नाही.

घाईचं कारण हिशोबात आहे. एक कॅमेरा सेकंदाला 2 मेगाबिट वेगानं चित्रण साठवत असेल, तर दिवसाला सुमारे 22 जीबी जागा लागते. 8 कॅमेरे सतत चालू असतील, तर 2 टीबीची हार्डडिस्क साधारण 11 दिवसांत भरते. मग जुन्या चित्रणावरच नवं चढू लागतं. म्हणजे 9 तारखेला हातात जेमतेम पाच दिवस उरले.

म्हणून पत्रातली पहिली मागणी जपणुकीची:

'3 तारखेच्या रात्री 11 ते 4 तारखेच्या पहाटे 5 पर्यंतचं गेट, पार्किंग आणि जिना या तिन्ही कॅमेऱ्यांचं चित्रण आजच्या आज वेगळं काढून ठेवावं. डिस्क फॉरमॅट करू नये, डीव्हीआरचं घड्याळ बदलू नये.'

'फुटेज द्या' एवढंच लिहिलं, तर दोन मिनिटांची क्लिप हाती पडते. चोर आत कधी आला, हे त्यात नसतं.

घड्याळाची अट महत्त्वाची. डीव्हीआरचं घड्याळ पुढे-मागे जातं. ते 17 मिनिटं पुढे असेल, तर पडद्यावरचे 2.27 म्हणजे खरे 2.10. हा फरक मोबाइलच्या वेळेशी ताडून पत्रात नोंदवावा. आधी घड्याळ 'दुरुस्त' केलं, तर फरक किती होता हे सिद्ध करणं अवघड होतं.

दुसरी मागणी प्रतीची. मोबाइलनं पडद्याचं केलेलं शूटिंग नको. यंत्रातून थेट काढलेली मूळ स्वरूपातली फाइल आणि ती चालवणारा प्लेअर पेनड्राइव्हवर हवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे मजकुरावरून काढलेला आकड्या-अक्षरांचा ठसा, नोंदवतात. फाइलमध्ये जरा बदल झाला की हा ठसा बदलतो. प्रमाणपत्राचा एक भाग यंत्र सांभाळणाऱ्यानं आणि दुसरा तज्ज्ञानं भरायचा असतो. त्यामुळे प्रत कोणी, कधी, कुठल्या यंत्रातून काढली, हे सीसीटीव्हीवाल्यानं सहीनिशी लिहून द्यावं, असंही पत्रात घालावं.

प्रत तपास अधिकाऱ्याला आणि सोसायटीच्या दप्तरासाठी, एवढीच. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती टाकली, तर निर्दोष डिलिव्हरीवालाही चोर ठरू शकतो.

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्यावी. पेनड्राइव्ह मिळाल्यावर फाइल दुसऱ्या संगणकावर पूर्ण चालवून बघावी. ती उघडत नसेल, तर पुन्हा काढायला डिस्कवर चित्रण शिल्लक असायला हवं.