इशारा किती, धोका किती

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणालाही विचारा, ‘पंचगंगा कुठवर आली?’ उत्तर फुटांत मिळतं. राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ फुटांवर गेलं की धोका पातळी. सांगलीला आयर्विन पुलापाशी हेच आकडे ४० आणि ४५ आहेत. इशाऱ्याची बातमी आली की नदीकाठची माणसं धान्य माळ्यावर चढवतात आणि गोठ्यातली जनावरं उंचावर नेऊन बांधतात. धोक्याची बातमी आली की घराला कुलूप लावून निघतात. कुठला शब्द मोठा, हे कुणाला शिकवावं लागत नाही, कारण दोन्ही शब्दांमागे मोजपट्टीवरची एकेक खूण आहे.

कारखान्यांसाठी सुरक्षेचे फलक लिहिण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. शॉप फ्लोअरवर पाऊल ठेवलं की मला नेहमी ही मोजपट्टी आठवते, कारण तिथे ती सापडत नाही. इलेक्ट्रिक पॅनेलवर लाल अक्षरांत ‘धोका’. पत्रा कापणाऱ्या प्रेसवर ‘धोका’. तेल सांडून निसरड्या झालेल्या वाटेवरही ‘धोका’, आणि स्टोअरच्या दारावर ‘धोका, परवानगीशिवाय आत येऊ नये’. पहिल्या दोन ठिकाणी जीव किंवा हात जाऊ शकतो, तिसऱ्या ठिकाणी बहुधा गुडघा फुटेल आणि चौथ्या ठिकाणी स्टोअरकीपर रागावेल. शब्द मात्र चारही ठिकाणी एकच. आठवड्याभरात नव्या मुलाची नजर त्या लाल रंगावरून घसरायला लागते. पॅनेलवरचा खरा ‘धोका’ही मग त्याला स्टोअरच्या दारावरच्यासारखाच वाटतो.

ही मोजपट्टी शब्दांना लावण्याचा सगळ्यात काटेकोर प्रयत्न अमेरिकेतल्या ‘एएनएसआय झेड ५३५’ या मानकांत दिसतो. तिथे तीन शब्दांना तीन पायऱ्या दिल्या आहेत. ‘डेंजर’ म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होईल. ‘वॉर्निंग’ म्हणजे मृत्यू किंवा गंभीर इजा होऊ शकते. ‘कॉशन’ म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. रंगही ठरलेले आहेत: पहिल्याला लाल, दुसऱ्याला नारिंगी, तिसऱ्याला पिवळा. वरच्या दोन पायऱ्यांमधला सगळा फरक ‘होईल’ आणि ‘होऊ शकते’ एवढ्यात आहे, हे बघण्यासारखं आहे. इजा तीच, फक्त तिची खात्री कमी-जास्त. नुसतं सामान किंवा मशीन बिघडणार असेल तर या तिन्हींपैकी एकही शब्द वापरायचा नाही. तिथे निळ्या पट्टीवर साधी सूचना लिहायची. आपल्या त्या स्टोअरच्या दाराची जागा तिथे आहे.

रसायनांच्या पिंपांवरच्या लेबलांसाठी संयुक्त राष्ट्रांनी आखलेली जागतिक पद्धत आणखी सुटसुटीत आहे. तिच्यात दोनच शब्द आहेत, ‘डेंजर’ आणि ‘वॉर्निंग’, आणि एका लेबलावर पहिला आला की दुसरा लिहायचा नाही. पेट घेणाऱ्या द्रवाला यांपैकी कुठला शब्द मिळणार, ते त्याच्या फ्लॅश पॉइंटवर ठरतं, म्हणजे किती तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटते त्यावर. हे तापमान २३ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर मोठा शब्द, त्याच्या वर असेल तर धाकटा. ॲसिटोन मोठ्या शब्दात मोडतं. पंचगंगेच्या पातळीसारखंच इथेही आकडा आधी आणि शब्द नंतर येतो.

मला तीनपेक्षा दोन पायऱ्या बऱ्या वाटतात, आणि त्याला आधार आहे. अमेरिकेत अभ्यासकांनी सामान्य माणसांना हे शब्द दाखवून कुठला किती गंभीर वाटतो ते विचारलं. ‘डेंजर’ सगळ्यांत वर आला. ‘वॉर्निंग’ आणि ‘कॉशन’ मात्र लोकांना जवळजवळ एकसारखेच वाटले. मानकात लिहिलेली पायरी वाचणाऱ्याच्या मनात नव्हतीच.

आता हे मराठीत आणायचं, तर शब्दकोश उघडून भागत नाही. आपल्या औद्योगिक वसाहतींमध्ये एकाच मशीनवर मराठवाड्यातला मुलगा, बिहारमधला मुलगा आणि ओडिशातला मुलगा पाळीपाळीने उभे असतात. मराठीतला ‘धोका’ पहिल्याला लगेच कळतो. दुसऱ्याच्या हिंदीत ‘धोखा’ म्हणजे फसवणूक. संकटाला तो ‘खतरा’ म्हणतो. पॅनेलवर कवटी असते म्हणून तो अर्थ ओळखतो, पण कवटी काढून नुसता शब्द दाखवला तर क्षणभर घोटाळतो. ‘इशारा’ तर पूरच्या बातम्यांमुळे आपल्याला फार जवळचा, पण हिंदीत इशारा म्हणजे डोळ्यांनी किंवा हाताने केलेली खूण. उलट हिंदीतली ‘चेतावनी’ मराठी वाचणाऱ्याला चेतवण्याची आठवण करून देते. ‘खबरदार’ मराठीत धमकीसारखा ऐकू येतो. फलक आपल्यावर खेकसतो आहे असं वाटलं की माणूस त्याच्याकडे पाठ फिरवतो. ‘जोखीम’ हा हिशेबाचा शब्द आहे. एखादी गोष्ट किती वेळा घडेल आणि घडली तर किती नुकसान होईल, याचा गुणाकार सेफ्टी ऑफिसर आपल्या तक्त्यात मांडतो, तिथे तो शोभतो. मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाला गुणाकाराचा उपयोग नाही.

म्हणून मी दोनच शब्द ठेवतो. जिथे जीव किंवा अवयव जाईल तिथे ‘धोका’ आणि त्याच्या शेजारी तेवढ्याच अक्षरांत ‘खतरा’. जिथे भाजेल, कापेल, घसरून पडायला होईल तिथे ‘सावधान’, कारण हा शब्द दोन्ही भाषांत एकाच अर्थाने चालतो. देवनागरी न वाचणाऱ्यासाठी पिवळ्या त्रिकोणातलं चित्र. एके ठिकाणी मात्र निवड आपल्या हातात नसते. २५० व्होल्टच्या वरच्या विजेच्या उपकरणांवर इंग्रजी किंवा हिंदीत आणि स्थानिक भाषेत धोक्याचा फलक, कवटी आणि हाडांच्या चित्रासह, लावलाच पाहिजे असं आपले वीज नियम फार पूर्वीपासून सांगतात. फलक कसा असावा, हे भारतीय मानक २५५१ मध्ये दिलं आहे.

पण नेमका शब्द निवडला म्हणजे फलक झाला, असं नाही. हे मला एका प्रेस शॉपने शिकवलं.

तिथे पत्र्याचे भाग कापणाऱ्या मेकॅनिकल प्रेस होत्या. प्रेसची रचना साधी असते. मोटर एक जड फ्लायव्हील फिरवत ठेवते. पेडल दाबलं की क्लच त्या चाकाला धरतो, रॅम खाली येतो आणि डायमध्ये पत्रा कापला जातो. प्रत्येक प्रेसवर फलक होता: ‘धोका! मशीन बंद करूनच डायमध्ये हात घाला.’ शब्द बरोबर, रंग बरोबर, सूचनाही दिलेली. एका पाळीत डाय सेटरने डायमध्ये अडकलेला तुकडा काढायला मोटर बंद केली, हात घातला, आणि सरकताना त्याचा पाय पेडलवर पडला. रॅम खाली आला. दोन बोटं गेली.

चौकशीत सगळे म्हणाले, त्याने फलक पाळला नाही. त्याने तो शब्दशः पाळला होता. मशीन बंदच होतं. पण मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हील आपल्या वजनाने बराच वेळ फिरत राहतं, आणि ते फिरतंय तोवर त्यात एखादा पूर्ण स्ट्रोक देण्याइतकी ताकद शिल्लक असते. फलकावरचा ‘बंद’ हा शब्द मोटरबद्दल बोलत होता आणि धोका चाकात होता.

मराठीतला ‘बंद’ तसाही फसवा आहे. स्विच बंद म्हणजे वीज नाही. व्हॉल्व्ह बंद म्हणजे पाइपात दाब अडकलेला असू शकतो. ‘ते मशीन बंद आहे’ म्हणजे कधी थांबलेलं, कधी बिघडलेलं, कधी नुसतं काम नाही म्हणून उभं. याहून वाईट पाटी मी एका मेन स्विचवर पाहिली: ‘काम चालू आहे’. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं की पुढे माणसं दुरुस्ती करताहेत. रात्रपाळीला आलेल्या माणसाला ती ‘लाइन चालू आहे’ अशी वाचता आली असती. फलकावरची चित्रं तपासताना अमेरिकन मानक दोन आकडे बघतं: वाचणाऱ्यांपैकी किमान ८५ टक्क्यांना अर्थ बरोबर कळला पाहिजे, आणि घातक उलटा अर्थ घेणारे ५ टक्क्यांहून जास्त नकोत. दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. न कळलेली पाटी माणसाला विचारायला लावते. उलटी कळलेली पाटी त्याला स्विचकडे नेते. त्या मेन स्विचवर आम्ही लिहिलं: ‘पुढे माणसं काम करत आहेत. स्विच लावू नका.’ आणि स्विचला कुलूप, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात.

प्रेसच्या फलकासाठी आम्ही डाय सेटरबरोबरच बसलो. तो रजेवरून परतला होता. आधी ठरलं की उत्पादन चालू असताना हात आत जाणारच नाही असं गार्ड बसवायचं. कारखाने अधिनियम, १९४८ मशीनच्या घातक भागांना मजबूत आडोसा मागत होताच, आणि फलक हा त्याला पर्याय नव्हे. फलक उरला तो फक्त डाय बदलताना किंवा अडकलेलं काढताना, गार्ड उघडतं तेव्हासाठी. त्यावर तीन गोष्टी हव्या होत्या: काय आहे, काय होईल, काय करायचं. मी लिहिलं होतं, ‘फ्लायव्हीलमध्ये साठलेल्या गतिज ऊर्जेमुळे रॅम अनपेक्षितपणे खाली येऊ शकतो.’ त्याने वाचलं आणि म्हणाला, “साहेब, एवढं वाचेपर्यंत हात आत गेलेला असतो. चाक फिरतंय म्हणा.”

शेवटी फलक असा झाला. लाल पट्टीवर ‘धोका – खतरा’. डावीकडे दोन जबड्यांत चिरडणाऱ्या हाताचं चित्र. खाली मराठीत, आणि त्याच मापात हिंदीत:

मोटर बंद केली तरी चाक फिरतं. रॅम खाली येऊन हात तुटेल.
मोटर बंद करून कुलूप लावा. चाक पूर्ण थांबू द्या. रॅमखाली ब्लॉक लावा. मगच हात घाला.

निसरड्या वाटेवरचा ‘धोका’ काढून पिवळा ‘सावधान, तेल सांडलेलं’ असा उचलता येणारा फलक केला. तेल पुसलं की तो उचलायचा, कारण कोरड्या फरशीवर उभा राहिलेला फलक पुढच्या सांडलेल्या तेलाची किंमत घालवतो. स्टोअरच्या दारावर निळी सूचना आली. त्या मोठ्या शेडमध्ये लाल फलक आता फक्त प्रेसवर आणि पॅनेलवर राहिले.

महिन्याभराने मी पुन्हा गेलो तेव्हा एक मुलगा कामावर लागून तिसराच दिवस होता. फलकाकडे बोट न दाखवता त्याला विचारलं, ‘मोटर बंद केली, आता हात घालू का?’ त्याने फलकाकडे पाहिलंच नाही. तो मान वाकडी करून प्रेसच्या कडेला, फ्लायव्हीलकडे बघायला लागला.