धुरांड्यातला चिकट थर

समजा, एका विमा कंपनीकडे दोनशे रेस्टॉरंटांच्या आगविम्याच्या पॉलिसी आहेत. प्रत्येकाचा वार्षिक हप्ता 25 हजार, म्हणजे वर्षाला 50 लाख जमा. त्या वर्षी दोन स्वयंपाकघरं जळाली आणि प्रत्येकी 30 लाखांचा दावा द्यावा लागला. आले 50, गेले 60. कमिशन आणि कार्यालयाचा खर्च वेगळाच. अशी दोन-तीन वर्षं गेली, की मुख्य कार्यालयातून अंडररायटरांना, म्हणजे कोणती जोखीम घ्यायची हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांना, परिपत्रक जातं: यापुढे रेस्टॉरंटं पारखून घ्या.

मग सरसकट हप्ताच का वाढवत नाहीत? कारण तसं केलं, तर स्वयंपाकघर नीट राखणारा मालक दुसऱ्या कंपनीकडे जातो. ज्याला दुसरीकडे कुणी दारात उभं करत नाही, तो वाढीव हप्ता भरून इथेच राहतो. हप्ता वाढतो आणि दावेही वाढतात. म्हणून हप्त्याआधी निवड कडक करावी लागते.

ही पारख सुरू होते शेगडीच्या वर, धुरांड्यात. तळणीची वाफ तेलाचे कण घेऊन वर जाते. काही कण जाळीत अडकतात, उरलेले डक्टच्या आतल्या पत्र्यावर बसतात आणि त्यांचा तपकिरी, चिकट थर चढतो. कढईतलं तेल साधारण साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं, की ठिणगीशिवायही पेटतं. ती ज्वाळा पंखा वर ओढतो, थर पेट घेतो आणि आग डक्टमधून वरच्या मजल्यापर्यंत पोचते. खाली कढई विझली, तरी वर आग चालूच असते. घाईत कुणी पाणी ओतलं, तर त्याची क्षणात वाफ होऊन पेटतं तेल चौफेर उडतं.

म्हणून सर्वेक्षक डक्टची तपासणी-झडप उघडायला लावतो. अमेरिकेतल्या एनएफपीए 96 या मानकात थर मोजायला दात्यांची छोटी पट्टी वापरतात. थर दोन मिलिमीटरवर गेला, की सफाई हवीच. शेगडीवर ओल्या रसायनाची स्वयंचलित यंत्रणा आहे का, हेही पाहतात. हे रसायन तेलाशी मिळून साबणासारखा फेस धरतं, हवा तोडतं आणि तेल थंड करतं.

उत्तरं समाधानकारक नसतील, तर प्रस्ताव वरिष्ठांकडे जातो, सफाईची अट घालून स्वीकारला जातो किंवा परत जातो. अट घातलेली असेल, तर मालकाने पॉलिसीत ती वाचलीच पाहिजे: सफाई राहून गेली, तर आगीनंतर दावा अडतो. तेव्हा सफाईचं तारखेसह बिल आणि झडप उघडून काढलेले आधीचे-नंतरचे फोटो पॉलिसीच्याच फाइलीत लावावेत. आणि फाइल स्वयंपाकघरात ठेवू नये. दाव्याच्या वेळी ती जळालेली असते.